दहा आठवडे, चार दिवस: दहावीच्या एका वेळापत्रकाचा हिशोब

प्रकरण माझ्या पुतणीचं आहे. बेळगाव तालुक्यातल्या एका गावात राहते, मराठी माध्यमाच्या हायस्कुलात शिकते, आणि मार्च २०२५ मध्ये कर्नाटक बोर्डाची दहावीची, म्हणजे एसएसएलसीची, परीक्षा देणार होती. डिसेंबरच्या शेवटी तिने स्वतःच एक वेळापत्रक करून भिंतीला चिकटवलं. पहाटे चार ते सहा गणित, सहा ते सात कन्नड, शाळेतून आल्यावर विज्ञान, जेवणानंतर समाज विज्ञान, रात्री अकराला झोप. रोजचे सात तास. मी शेजारच्याच तालुक्यात गणित शिकवतो, त्यामुळे असली वेळापत्रकं दरवर्षी पाहतो. बहुतेक संक्रांतीच्या आत भिंतीवरच्या रंगापुरती उरतात.

तिच्या वेळापत्रकात दोन गोष्टी नव्हत्या. एक, हातात खरोखर किती तास आहेत. दोन, शिल्लक धड्यांना किती तास लागतील. या दोन आकड्यांची गाठ पडल्याशिवाय कुठला धडा कुठल्या आठवड्यात हे ठरवता येत नाही. तिने आधी घड्याळ भरलं होतं आणि मग त्यात विषय कोंबले होते. आम्ही ते उलट क्रमाने केलं. कसं केलं, कुठे अडलं आणि शेवटी काय झालं, ते इथे लिहितो.

तास किती

परीक्षेच्या तारखा आधीच लागल्या होत्या. २१ मार्च, शुक्रवार, पहिला पेपर मराठीचा. ४ एप्रिलला शेवटचा, कन्नडचा. सोमवार ६ जानेवारीपासून मोजलं तर २० मार्चपर्यंत दहा आठवडे आणि वर चार दिवस होत होते. सात तासांच्या हिशोबाने पाचशेहून जास्त तास झाले असते.

मी तिला म्हटलं, आठवडाभर काही बदलू नकोस, फक्त पुस्तक उघडलंस की वेळ लिही आणि मिटलंस की वेळ लिही. तिला ते पटलं नाही. "काका, रोज सात तास बसतात की सगळी," म्हणाली. वहिनी आतून म्हणाल्या, "भावजी, चारला उठली तरी साडेचारला पुस्तकावर मान टाकून झोपलेली असती बघा."

आठवड्याच्या नोंदीत चित्र स्पष्ट झालं. सकाळी नऊला शाळेत जादा तास, संध्याकाळी सव्वापाचपर्यंत वर्ग, मग बस, घरी पोचेपर्यंत सहा. पाणी भरणं, आजीचं औषध, भाकरीला हात लावणं, जेवण. खरा अभ्यास रात्री साडेआठ ते दहा आणि पहाटे साडेपाच ते साडेसहा. म्हणजे अडीच तास. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा साडेतीन. रविवारी पाच, त्यापेक्षा जास्त कधीच नाही. आठवड्याची बेरीज एकवीस तास.

इथे बरेच पालक म्हणतात की मग तिला आणखी लवकर उठवा. मी त्या वाटेला गेलो नाही. नोंद जे सांगते ते तिच्या अंगवळणी पडलेलं आहे आणि पुढचे दहा आठवडे तेच टिकणार आहे. परीक्षा जवळ आली की तास आपोआप थोडे वाढतात, पण ते वाढीव तास आधीच खर्चाला धरायचे नाहीत.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात पूर्वपरीक्षा सुरू होणार होती. त्याच्या आत सगळं एकदा हाताखालून गेलेलं असलं पाहिजे, नाहीतर पूर्वपरीक्षेचा उपयोगच नाही. म्हणून नव्या धड्यांसाठी दहा नाही, सातच आठवडे धरले, ६ जानेवारी ते २३ फेब्रुवारी. एकवीस गुणिले सात, एकशे सत्तेचाळीस तास. त्यातून संक्रांत, चुलत आत्याच्या घरचं लग्न आणि माघी पौर्णिमेची सौंदत्तीची यात्रा वजा केली. यात्रा १२ फेब्रुवारीला होती आणि घरचा नवस होता. परीक्षेच्या वर्षी जाऊ नका असं मी म्हणू शकलो असतो, पण म्हटलं असतं तरी ती गेलीच असती आणि वेळापत्रक खोटं ठरलं असतं. या सगळ्याचे मिळून अकरा तास गेले.

मग दर आठवड्याला तीन तास रिकामे सोडले, बुधवारी रात्रीचा एक आणि रविवारी दुपारचे दोन. त्यात कुठलाही विषय लिहायचा नाही. मागे पडलेलं काम तिथे जाणार. तिला हे तास वाया वाटत होते. "रिकामं कशाला ठेवायचं? कन्नड घालते की," असं दोनदा म्हणाली. मी नाही म्हटलं.

उरले एकशे पंधरा तास. पाचशेच्या जागी एकशे पंधरा हा आकडा ऐकून तिचा चेहरा उतरला, पण पुढचं सगळं काम या आकड्यावरच उभं राहिलं.

धडे कुठले उरलेत

शाळेत जानेवारीपर्यंत बहुतेक अभ्यासक्रम शिकवून झालेला असतो, म्हणून "धडा झाला" हा शब्द फसवतो. वर्गात झाला, की हिला आला? मी तिला आधी तिच्या मनाने यादी करायला लावली. गणितात त्रिकोणमिती झालीय, संख्याशास्त्र अवघड जातं, अशी ती यादी होती. मग प्रत्येक धड्यातली जुन्या प्रश्नपत्रिकांतली दोन गणितं काढली, पुस्तक मिटलेलं, वीस मिनिटं. विज्ञानात एक आकृती आणि एक प्रश्न. समाज विज्ञानात धड्याच्या शेवटचे कुठलेही दोन प्रश्न.

दोन्ही सुटले तर तो धडा यादीतून बाहेर, तो फक्त उजळणीला. एक सुटला तर अर्धा. एकही नाही तर पूर्ण शिल्लक. निकाल तिच्या अंदाजाच्या उलटा लागला. संख्याशास्त्रातली मध्यक आणि मध्यमानाची दोन्ही गणितं बरोबर. त्रिकोणमितीत मात्र ३० आणि ६० अंशांच्या किमतींची अदलाबदल झाली आणि नित्यसमीकरण सिद्ध करायचा प्रश्न कोरा राहिला. वर्गात सरांबरोबर फळ्यावरून उतरवलेलं "येतंय" वाटतं, त्याची ही खूण असते. वहीत गणित पूर्ण असतं, पण मिटलेल्या वहीने ते पुढे सरकत नाही.

गणितात सहा धडे शिल्लक निघाले: वर्गसमीकरणे, त्रिकोण, त्रिकोणमितीची ओळख, तिचे उपयोग, वर्तुळे आणि पृष्ठफळ-घनफळ. विज्ञानात प्रकाश, विद्युत, विद्युतप्रवाहाचे चुंबकीय परिणाम, कार्बनची संयुगे आणि आनुवंशिकता. समाज विज्ञानाचं पुस्तक इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र आणि व्यवसाय अध्ययन अशा सहा भागांचं असतं, धडे लहान पण खूप. त्यातले वीस शिल्लक.

भाषांचं गणित वेगळं आहे. मराठीचा लेखी पेपर शंभर गुणांचा, बाकी सगळे ऐंशीचे, आणि अंतर्गत गुण त्यावर. म्हणजे तिसऱ्या भाषेतला, आपल्याकडे कन्नडातला, एक गुण विज्ञानातल्या एका गुणाइतकाच मोलाचा. सीमाभागातली मुलं बाजारात, बसमध्ये कन्नड बोलतात, कळतंही. लिहायला बसली की मात्र जोडाक्षरांवर अडतात आणि पत्रलेखनाला पंचवीस मिनिटं लावतात. पुतणीचंही तेच. हे काम दोन रविवारी रेटून होत नाही. रोज थोडं लिहिलं तरच हात चालतो. म्हणून कन्नडाला आठवड्यातून सहा दिवस रोज अर्धा तास, सात आठवड्यांचे एकवीस तास. त्यावर पुढे काहीही कमी-जास्त केलं नाही.

एका धड्याला किती वेळ

इथे अंदाज चालत नाही, मोजावं लागतं. वर्गसमीकरणांत सूत्राने मुळे काढायचा भाग तिने एका तासात होईल म्हणून सांगितला. उदाहरणं वाचून, स्वाध्याय सोडवून, चुका दुरुस्त करून दोन तास गेले. समाज विज्ञानाचा धडा अर्ध्या तासाचा म्हणाली. वाचायला अर्धा तास खरंच पुरला. प्रश्नांची उत्तरं लिहायला चाळीस मिनिटं आणि दुसऱ्या दिवशी न बघता परत सांगायला वीस. म्हणजे दीड तास. गणितात तिचा अंदाज दुपटीने चुकत होता, समाज विज्ञानात तिपटीने. मुलं फक्त वाचण्याचा वेळ धरतात, लिहिण्याचा आणि परत येण्याचा धरत नाहीत, म्हणून असं होतं.

म्हणून प्रत्येक धड्याच्या वेळेत तीन गोष्टी धरल्या: शिकणं, सोडवणं आणि आठवड्याने त्याच धड्याची दोन गणितं परत न बघता सोडवणं. चुंबकीय परिणामांचा धडा शाळेत पुरता झालेलाच नव्हता, त्याला दुप्पट धरला.

बेरीज आली एकशे पंचेचाळीस. हातात एकशे पंधरा. तीस तास कमी पडत होते.

तीस तास कुठून काढायचे

माझ्या मते वेळापत्रक खरं की खोटं हे इथे ठरतं. मुलं इथे दोन गोष्टी करतात. एकतर प्रत्येक धड्याचा वेळ थोडा थोडा कापतात, म्हणजे दहा तासांचा धडा कागदावर सात तासांचा होतो आणि आठवड्याच्या शेवटी तीन तास थकबाकी राहते. नाहीतर रिकामे ठेवलेले तास वापरून टाकतात. दोन्हींत बेरीज जुळते आणि दुसऱ्या आठवड्यात कोलमडते.

तास कमी करायचे तर काम कमी करावं लागतं. कुठलं काम सोडणार, ते नाव घेऊन लिहावं लागतं. आम्ही तिघं बसलो, ती, मी आणि तिचा मोठा भाऊ, जो दोन वर्षांपूर्वी याच परीक्षेतून गेला होता.

समाज विज्ञानाच्या वीस धड्यांतले आठ असे निवडले की त्यांचे फक्त धड्याखालचे प्रश्न करायचे, धडा तपशिलात वाचायचा नाही. तिथे आठ तास वाचले. मराठीला आठ तास धरले होते, ते तीनवर आणले, कारण पहिलाच पेपर मराठीचा आणि १७ ते २० मार्च हे चार दिवस मोकळे होते. इंग्रजीतून चार. उरलेले तेरा गणित आणि विज्ञानातून काढायचे होते आणि तिथे वाद झाला.

त्रिकोणाच्या धड्याला दहा तास लागत होते. भाऊ म्हणाला, धडाच सोडून दे, कठीण आहे. मला ते मान्य नव्हतं. समरूप त्रिकोण समजले नाहीत तर पुढच्या धड्यात कोनाचं गुणोत्तर त्रिकोण लहान-मोठा झाला तरी का बदलत नाही हे कळणार नाही आणि त्रिकोणमिती नुसती पाठ होईल. शिवाय या धड्यातल्या प्रमेयाची सिद्धता हा नेमका, ठरावीक पायऱ्यांचा प्रश्न असतो. मूलभूत प्रमाणाचं प्रमेय आणि को-को समरूपता ठेवली, त्यावरची साधी गणितं ठेवली, स्वाध्यायाच्या शेवटची फिरवलेली गणितं सोडली. दहाचे सात झाले. वर्गसमीकरणांतली वेग-काळाची आणि वयाची शाब्दिक गणितं सोडली, दोन तास वाचले. घनफळातून एक. विज्ञानात कार्बनच्या संयुगांची नावं आणि साबणाची क्रिया ठेवली, बाकीचा भाग कमी केला, आनुवंशिकतेत मेंडेलचे दोन प्रयोग ठेवले. असे सात.

सोडलेल्या गोष्टींची यादी त्याच कागदाच्या मागे लिहिली. मार्चमध्ये वेळ निघाला तर तिथून उचलायचं. लिहून ठेवल्याचा आणखी एक फायदा झाला. रोज रात्री "ते राहिलंय, हेही राहिलंय" अशी जी घालमेल असायची ती कमी झाली. काय राहणार आहे ते ठरवूनच राहिलं होतं.

आठवड्यांत मांडणी

क्रम लावताना आधी बघितलं की कुठला धडा कशावर उभा आहे. त्रिकोण, मग त्रिकोणमिती, मग तिचे उपयोग, हा क्रम मोडता येत नाही. विज्ञानात विद्युत आधी, चुंबकीय परिणाम नंतर. वर्गसमीकरणे आणि घनफळ स्वतंत्र आहेत, ते कुठेही बसतात. म्हणून एक सुरुवातीला, एक शेवटी. सुरुवातीचा धडा मुद्दाम असा घेतला की जो तिला जमेल, आणि त्यावरून आमचे तासांचे आकडे बरोबर आहेत का तेही कळेल.

गणिताची मांडणी अशी झाली:

| आठवडा सुरू | गणितातलं काम | तास |
|---|---|---|
| ६ जानेवारी | वर्गसमीकरणे | ४ |
| १३ जानेवारी | त्रिकोण, प्रमेयापर्यंत | ४ |
| २० जानेवारी | त्रिकोण संपवणे, कोनांची गुणोत्तरे | ५ |
| २७ जानेवारी | ठरावीक कोनांच्या किमती, नित्यसमीकरणे | ५ |
| ३ फेब्रुवारी | त्रिकोणमिती परत, उंची-अंतराची गणितं | ५ |
| १० फेब्रुवारी | वर्तुळे | ४ |
| १७ फेब्रुवारी | पृष्ठफळ-घनफळ | ५ |

त्रिकोणमितीच्या ओळखीला आठ तास होते, ते तीन आठवड्यांत पसरले आहेत. मोठा धडा एकाच ओळीत "त्रिकोणमिती" म्हणून लिहिला की तो कुठे संपतो ते कळत नाही. त्याचे एक-दीड तासाचे तुकडे पाडले तर प्रत्येक बैठकीला एक तुकडा पुरा होतो. तिची रात्रीची बैठक दीड तासाची होती, त्यात अर्धा तास कन्नड आणि एक तास नवं काम. पहाटेचा तास गणिताला, कारण तेव्हा घरात शांतता असते.

वेळापत्रकात घड्याळाच्या वेळा लिहिल्याच नाहीत. फक्त दिवस आणि तुकडा. मंगळवारी पाहुणे आले आणि साडेआठच्या ऐवजी सव्वानऊला बसली तर वेळापत्रक मोडलं असं होत नाही, तुकडा छोटा राहिला इतकंच होतं. बरोबरची खूण करायचा नियम मात्र कडक ठेवला. धडा वाचला म्हणून खूण नाही, पुस्तक मिटून दोन प्रश्न सुटले तर खूण.

कुठे घसरलं

पहिले तीन आठवडे आकडे जुळले. चौथ्या आठवड्यात नित्यसमीकरणांनी अडवलं. साडेतीन तास धरले होते, सहा लागले. अडचण काय होती ते तिच्या वहीत दिसत होतं. डावी आणि उजवी बाजू एकदम बदलत जायची, शेवटी दोन्हीकडे काहीतरी सारखं दिसलं की "सिद्ध झालं" लिहायची. एका वेळी एकच बाजू घ्यायची आणि सगळं आधी साइन-कॉसमध्ये आणायचं, हे तिच्या बाईंनी वर्गात सांगितलं होतं, पण हाताला लागायला वेळ गेला. अडीच तास जास्त लागले, ते त्या आठवड्याच्या रिकाम्या तीन तासांत गेले. त्याच आठवड्यात दोन रात्री करंट नव्हता आणि समाज विज्ञानाचे दोन धडे राहिले. म्हणजे तीन तास मागे.

इथे तिची पहिली प्रतिक्रिया होती की पुढच्या आठवड्यात दोन जास्त धडे घालायचे. नियम आधीच ठरवला होता म्हणून ते टळलं. थकबाकी पुढच्या रिकाम्या तासांतच जाते, पुढच्या आठवड्याच्या कामात नाही. आणि दोन आठवड्यांच्या रिकाम्या तासांतही ती मावली नाही, तर ते काम कापायचं, ढकलायचं नाही. पाचव्या आठवड्याच्या रिकाम्या तीन तासांत समाज विज्ञानाचे दोन्ही धडे झाले.

सहाव्या आठवड्यात यात्रा. दोन दिवस धरले होते, तीन गेले, कारण परतताना गाडी रात्री उशिरा गावात आली आणि दुसरा दिवस झोपेत गेला. रविवारी रिकामे तास भरून निघाले. सातव्या आठवड्यात मात्र घनफळाचे पाचातले तीनच तास झाले. तिथे नियमाप्रमाणे कापलं. शंकू आणि अर्धगोल जोडलेल्या आकारांची गणितं ठेवली, बाकी सोडली. पूर्वपरीक्षा तोंडावर होती.

मागे पडतोय हे ओळखायची खूण म्हणून आम्ही धडे मोजत नव्हतो, तास मोजत होतो. "दोन धडे राहिले" यातून काही कळत नाही, एक धडा तासाचा असतो, एक आठ तासांचा. रविवारी रात्री एकच आकडा लिहायचा, किती तास मागे. तीनच्या आत असेल तर शांत बसायचं. तीनच्या वर गेला तर त्याच रात्री काय कापायचं ते ठरवायचं.

पूर्वपरीक्षेनंतर

गणितात ऐंशीपैकी चव्वेचाळीस आले. गेलेले छत्तीस गुण कुठे गेले ते बघितलं. सोडलेल्या किंवा कापलेल्या भागातले चौदा. येत असूनही आकडेमोडीत चुकलेले नऊ. आणि तेरा गुणांचे प्रश्न हात न लावता राहिले होते, वेळ संपली म्हणून. हे शेवटचं मला महत्त्वाचं वाटलं. सात आठवडे तिने तासाभराच्या बैठकीत तुकडे सोडवले होते, सलग तीन तास एक पेपर कधीच नाही. मार्चच्या दोन रविवारी सकाळी एक-एक पूर्ण पेपर, घड्याळ लावून, असं ठेवलं. वहिनींनी तेवढ्या वेळात पाहुण्यांना बाहेरच्या खोलीत बसवायचं कबूल केलं.

उरलेल्या दिवसांची वाटणी विषय अवघड की सोपा यावर केली नाही. दोन पेपरांमध्ये किती मोकळे दिवस आहेत, यावर केली. २१ मार्चला मराठी, २४ ला गणित, २६ ला इंग्रजी, २९ ला समाज विज्ञान, २ एप्रिलला विज्ञान, ४ ला कन्नड. विज्ञानाच्या आधी तीन दिवस मोकळे, समाज विज्ञान आणि गणिताच्या आधी दोन, इंग्रजी आणि कन्नडच्या आधी एकच. ज्याच्या आधी एकच दिवस आहे ते विषय मार्चच्या मधल्या आठवड्यातच पक्के व्हायला हवेत, तेव्हा ते पुढे ढकलण्याची सोय नाही. विज्ञानाच्या पाठांतराचा भाग मात्र तीन मोकळ्या दिवसांवर टाकता येतो. त्यातला ३० मार्च हा पाडवा होता, म्हणून तो अर्धाच धरला. पुरणपोळीच्या दिवशी पूर्ण दिवस अभ्यास लिहिणारा माणूस आमच्या घरात जन्मलेला नाही.

होळीच्या आठवड्यात, १० मार्चपासून, कन्नड आणि इंग्रजीची पत्रं, निबंध, कविता. १७ ते २० मराठी, आणि रोज एक तास गणित, हात चालू राहावा म्हणून. कागदामागच्या सोडलेल्या यादीतून तिने फक्त एक गोष्ट उचलली, वर्गसमीकरणांची शाब्दिक गणितं. बाकीची तशीच राहिली.

निकाल, आणि मर्यादा

२ मे रोजी निकाल लागला. गणिताच्या लेखी पेपरात पूर्वपरीक्षेपेक्षा चौदा गुण जास्त मिळाले. कन्नडात तिच्या स्वतःच्या अपेक्षेपेक्षा बरे. विज्ञानात मात्र हवे होते त्यापेक्षा कमी आले. वेळापत्रक आणि प्रत्यक्ष यांची तुलना केली तर कारण दिसतं. गणित आणि समाज विज्ञानात आमचे तासांचे आकडे फार तर अडीच तासांनी चुकले. विज्ञानात प्रकाशाच्या धड्याला पाच तास धरले होते, आठ गेले, कारण आरसे आणि भिंगांच्या किरणाकृत्या प्रत्येक स्थितीसाठी वेगळ्या काढाव्या लागतात आणि आम्ही वेळ मोजताना एकच आकृती काढून बघितली होती. त्या तीन तासांची किंमत चुंबकीय परिणामांच्या धड्याने मोजली. पुढच्या वेळी कुणाचं वेळापत्रक करताना आकृत्यांचा धडा असेल, तर वेळ मोजण्यासाठी त्याच धड्यातल्या तीन आकृत्या काढून बघेन.

हा हिशोब सगळ्यांना तसाच लागू पडणार नाही. ज्या मुलाचे अर्धे धडे शाळेत झालेलेच नाहीत, त्याला सात आठवड्यांत एकशे पंधरा तास पुरणार नाहीत, आणि कापून कापून उरलेलं पास होण्यापुरतंही राहणार नाही. त्याला आधी शिकवणारा माणूस शोधावा लागेल, कागद नंतर. ज्याच्या घरी ऊसतोडीचे दिवस चालू आहेत, त्याची आठवड्याची बेरीज एकवीस नसेल, बारा असेल. मग धड्यांची निवड याहून फार कठोर होईल.

२०२५ मध्ये कर्नाटकात दहावीला एकाच वर्षात तीन संधी होत्या आणि मिळालेले चांगले गुण राहत होते. विज्ञानासाठी मेच्या शेवटी दुसरी परीक्षा द्यायची का, असं तिने विचारलं. आम्ही पुन्हा मोजलं. तीन आठवड्यांहून थोडे जास्त दिवस, शाळा नाही, म्हणून आठवड्याला अठ्ठावीस तास खरे निघत होते. प्रकाश आणि चुंबकीय परिणामांना मिळून पंधरा, बाकीच्या उजळणीला पंचवीस. बसत होतं. तिने अर्ज भरला.